मार्चअखेरचा कागदी तोटा

व्यापारी घरांत वर्ष दोनदा संपते. एकदा दिवाळीला, वहीपूजनाच्या दिवशी. दुसऱ्यांदा ३१ मार्चला, आयकराच्या हिशेबाने. पहिल्या वर्षअखेरीस मुहूर्त असतो, दुसऱ्या वर्षअखेरीस मुदत असते. यंदा या मुदतीत एक बारकावा आहे. ३१ मार्च २०२६, मंगळवार, हा महावीर जयंतीचा दिवस असल्याने शेअर बाजार बंद राहील. त्याआधीच्या गुरुवारी, २६ मार्चला, रामनवमीची सुट्टी आहे आणि २८ व २९ मार्च हे शनिवार-रविवार आहेत. म्हणजे शेवटच्या आठवड्यात व्यवहाराचे दिवस उरतात ते २७ मार्चचा शुक्रवार आणि ३० मार्चचा सोमवार. ज्या कुटुंबांनी शेअरमधील तोटा 'मार्च संपताना पाहू' म्हणून बाजूला ठेवला आहे, त्यांना पाहण्यासाठी हे दोनच दिवस मिळतील.

अशा कुटुंबांच्या सोयीसाठी आता बऱ्याच ठिकाणी एक छोटी आज्ञावली वापरात आली आहे. कोठे ती दलालाच्या ॲपमध्येच असते, कोठे घरातील एखाद्या तरुणाने ती एक्सेलच्या तक्त्यात बसवलेली असते. जानेवारीपासून ती दर आठवड्याला धारणेतील प्रत्येक शेअरची खरेदी किंमत आणि बाजारभाव ताडून पाहते, भाव खरेदीच्या खाली असेल तर ती ओळ वेगळी काढते आणि आठवणीचा संदेश पाठवते : अमुक शेअरमध्ये इतका तोटा आहे, ३१ मार्चपूर्वी विकल्यास कर वाचेल. या पद्धतीला टॅक्स लॉस हार्वेस्टिंग म्हणतात. शेअर विकेपर्यंत तोटा केवळ कागदावर असतो आणि कायदा त्याची दखल घेत नाही. विकताच तो प्रत्यक्ष तोटा होतो आणि त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करता येतो.

कल्पना सरळ आहे. अडचण संदेशातील शेवटच्या दोन शब्दांत आहे. 'कर वाचेल' हे विधान आज्ञावली बहुतेक वेळा केवळ भावांची वजाबाकी करून करते. खरे तर ते ठरवण्यासाठी तोटा कोणाचा, कोणत्या खरेदीचा, कोणत्या जातीचा आणि तो कोणत्या नफ्यासमोर ठेवायचा, ही चार उत्तरे लागतात. ती नसतील तर संदेशानुसार केलेली विक्री निरुपयोगी ठरते आणि कधी कधी करही वाढवते. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

सांगलीतील एक काल्पनिक घर डोळ्यांसमोर आणावे. हळदीची पेढी, दोन भाऊ, त्यांच्या पत्नी आणि आई असे एकत्र कुटुंब. थोरल्या भावाचे इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर, पण अधिभार लागण्याइतके मोठे नाही. या आर्थिक वर्षात त्याने काही शेअर आधीच विकले आहेत. त्यांतून ३,००,००० रुपये अल्पमुदतीचा आणि ९०,००० रुपये दीर्घमुदतीचा नफा झाला आहे. बाजारात नोंदलेला शेअर बारा महिन्यांपर्यंत ठेवून विकला तर नफा अल्पमुदतीचा, त्याहून अधिक काळ ठेवला तर दीर्घमुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून पहिल्यावर २० टक्के कर आहे. दुसऱ्यावर वर्षाला १,२५,००० रुपयांपर्यंत काही नाही आणि त्यावरील रकमेवर साडेबारा टक्के. त्यामुळे थोरल्या भावाचा आजचा कर केवळ अल्पमुदतीच्या नफ्यावरचा आहे : ६०,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ६२,४०० रुपये. दीर्घमुदतीचे ९०,००० रुपये सवलतीच्या मर्यादेत बसतात.

शनिवार, ७ मार्च रोजी त्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो. त्यात तीन ओळी आहेत : एका कापड कंपनीत ३०,००० रुपये तोटा, एका सिमेंट कंपनीत १,२०,००० रुपये, आणि यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत १,९२,००० रुपये. एकूण ३,४२,००० रुपये. हा आकडा वर्षभराच्या अल्पमुदतीच्या नफ्याहून मोठा आहे. सगळे विकले तर कर शून्यावर येईल, असे कोणालाही वाटेल.

पहिली ओळ पाहावी. कापड कंपनीचे ५०० शेअर आहेत, सरासरी खरेदी ६६० रुपये आणि बाजारभाव ६००. प्रत्येक शेअरमागे ६० रुपये तोटा, म्हणून ३०,०००. वजाबाकी बरोबर आहे, परंतु आयकराच्या हिशेबात सरासरीला स्थान नाही. डिमॅट खात्यातील शेअर जे आधी आले ते आधी गेले, असे कायदा मानतो. हे ५०० शेअर दोन वेळा घेतलेले आहेत : २०० शेअर जून २०२३ मध्ये ९०० रुपयांनी आणि ३०० शेअर ऑक्टोबर २०२५ मध्ये ५०० रुपयांनी. पहिल्या खरेदीत प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे ६०,००० रुपये तोटा आहे. दुसऱ्या खरेदीत मात्र प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे ३०,००० रुपये नफा आहे. सरासरीने या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून टाकल्या.

आता जातीचा प्रश्न. पहिल्या खरेदीला बारा महिन्यांहून अधिक काळ झाल्याने तिचा तोटा दीर्घमुदतीचा आहे. दुसरी खरेदी सहा महिन्यांच्या आतली असल्याने तिचा नफा अल्पमुदतीचा आहे. कायद्याने या दोन जातींना सारखी मोकळीक दिलेली नाही. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो. दीर्घमुदतीचा तोटा केवळ दीर्घमुदतीच्या नफ्यातून वजा होतो. तेव्हा थोरल्या भावाने संदेशावर विसंबून पाचशेच्या पाचशे शेअर विकले, तर ३०,००० रुपयांचा नवा अल्पमुदतीचा नफा त्याच्या खात्यावर चढेल आणि शेजारचा ६०,००० रुपयांचा दीर्घमुदतीचा तोटा त्याला स्पर्शही करू शकणार नाही. कर ६,००० रुपयांनी आणि उपकर २४० रुपयांनी वाढेल. तोटा दाखवणाऱ्या ओळीवरून केलेल्या विक्रीने करच वाढवला, असा हा प्रकार.

मग केवळ पहिले २०० शेअर विकावेत काय? ते विकता येतात, कारण आधी आलेले तेच आधी जातील. ६०,००० रुपयांचा तोटा प्रत्यक्षात येईल आणि ९०,००० रुपयांच्या दीर्घमुदतीच्या नफ्यातून वजा होऊन ३०,००० रुपये उरतील. पण त्या ९०,००० रुपयांवर मुळातच कर नव्हता. सव्वा लाखाची सवलत वजाबाकी झाल्यानंतर उरलेल्या नफ्याला मिळते, आधी नाही. 'हा तोटा यंदा नको, पुढे वापरू' असे म्हणण्याची मुभा नसते. त्याच वर्षी त्याच जातीचा नफा असेल तर वजाबाकी होतेच. म्हणजे पुढे कधी तरी उपयोगी पडला असता असा ६०,००० रुपयांचा तोटा आज फुकट खर्ची पडेल. थोरल्या भावाने ही ओळ यंदा तशीच ठेवावी. दीर्घमुदतीचा नफा सव्वा लाखाच्या वर जाईल त्या वर्षी हाच तोटा कामास येईल.

येथे एक पोटप्रश्न उद्भवतो. आधी आलेले आधी गेले, हा नियम प्रत्येक डिमॅट खात्याला स्वतंत्रपणे लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९८ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. एकाच व्यक्तीची दोन दलालांकडे दोन डिमॅट खाती असतील आणि एकाच कंपनीचे शेअर दोन्हींत असतील, तर कोणत्या खात्यातून विकायचे ते तिला ठरवता येते. आज्ञावली मात्र अनेकदा दोन्ही खाती एकत्र करून रांग लावते. तिने दाखवलेली खरेदी आणि प्रत्यक्ष विकली गेलेली खरेदी मग निराळी निघते.

तिसरी ओळ दुसरीच्या आधी पाहणे सोयीचे आहे, कारण तिच्यातील आकडा सर्वांत मोठा आणि सर्वांत फसवा आहे. यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे ४०० शेअर थोरल्या भावाने १० नोव्हेंबर २०२५ रोजी १,००० रुपयांनी घेतले. कंपनीने एकास एक बोनस जाहीर केला. नोंद दिनांक १९ डिसेंबर २०२५ होता, आणि आणखी ४०० शेअर खात्यात आले. शेअरांची संख्या दुप्पट झाल्याने भाव निम्म्याच्या आसपास आला. आज तो ५२० आहे. करासाठी मूळ शेअरची खरेदी किंमत १,००० रुपयेच राहते आणि बोनस शेअरची शून्य धरली जाते. आज्ञावलीने मूळ ४०० शेअर पाहिले, प्रत्येकी ४८० रुपये तोटा काढला आणि १,९२,००० हा आकडा यादीत लिहिला. प्रत्यक्षात या गृहस्थाने ४,००,००० रुपये गुंतवले आणि आज त्याच्याजवळ ४,१६,००० रुपयांचे शेअर आहेत. त्याला तोटा झालेलाच नाही.

कागदावरचा हा तोटा उचलण्याचा मोह कायद्याने आधीच ओळखला आहे. नोंद दिनांकाच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले शेअर त्या दिनांकानंतर नऊ महिन्यांच्या आत विकले आणि बोनसचे शेअर हाती ठेवले, तर मूळ शेअरवरील तोटा विचारात घेतला जात नाही. तो हाती राहिलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत मानला जातो. पूर्वी हा नियम म्युच्युअल फंडाच्या युनिट्सपुरता होता, २०२२ च्या वित्त कायद्याने तो शेअरनाही लागू झाला. उदाहरणातील खरेदी नोंद दिनांकाच्या सुमारे सहा आठवडे आधीची आहे, तेव्हा १९ सप्टेंबर २०२६ पर्यंत ही वाट बंद आहे. मूळ आणि बोनस असे सर्व ८०० शेअर विकले तर नियम आड येत नाही, पण मग बोनसचे २,०८,००० रुपये पूर्ण नफ्यात येतात आणि १,९२,००० वजा जाता १६,००० रुपये नफाच उरतो. यादीतील ही ओळ खोडावी, हेच उत्तर.

राहिली दुसरी ओळ. सिमेंट कंपनीचे १,००० शेअर १५ सप्टेंबर २०२५ रोजी ४२० रुपयांनी एकाच वेळी घेतलेले आहेत. बोनस नाही, विभाजन नाही, दुसऱ्या खात्यात तोच शेअर नाही. भाव ३०० आहे. तोटा १,२०,००० रुपये, आणि खरेदीला सहा महिनेही न झाल्याने तो अल्पमुदतीचा. समोर ३,००,००० रुपयांचा अल्पमुदतीचा नफा उभा आहे, ज्यावर २० टक्के कर लागणारच आहे. हे शेअर विकले तर करपात्र नफा १,८०,००० रुपये उरेल. कर ३६,००० आणि उपकर १,४४०, एकूण ३७,४४० रुपये. म्हणजे २४,९६० रुपये यंदा भरावे लागणार नाहीत. ३,४२,००० रुपयांच्या यादीत खऱ्या अर्थाने उपयोगी अशी ही १,२०,००० रुपयांची एकच ओळ निघाली.

परंतु ही रक्कम निव्वळ कमाई समजणे चूक ठरेल. समजा या कंपनीवर थोरल्या भावाचा विश्वास कायम आहे आणि तो तेच शेअर पुन्हा ३०० रुपयांनी घेतो. आता त्याची खरेदी किंमत ४२० नव्हे, ३०० आहे. भाव पुढे ४२० झाला आणि त्याने विकले, तर ज्या १,२०,००० रुपयांवर यंदा कर वाचला तेवढाच नफा तेव्हा समोर येईल. विक्री बारा महिन्यांच्या आत झाली तर २० टक्के दराने तीच रक्कम परत जाईल. बारा महिन्यांनंतर झाली तर साडेबारा टक्के, आणि त्या वर्षी सव्वा लाखाची सवलत मोकळी असेल तर कदाचित काहीच नाही. कर पुढे ढकलला जातो, आणि दरातील फरकामुळे त्यातील काही भाग कायमचा वाचू शकतो, इतकाच या व्यवहाराचा लाभ. त्यासाठी एक किंमतही द्यावी लागते : बारा महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुनी खरेदी १५ सप्टेंबर २०२६ नंतर दीर्घमुदतीची झाली असती. ३० मार्च २०२६ ची खरेदी ३० मार्च २०२७ नंतर होईल.

विक्री आणि पुनर्खरेदी यांच्या दिवसांबाबतही सावध राहावे लागते. सकाळी १,००० शेअर विकले आणि दुपारी त्याच खात्यात तेवढेच परत घेतले, तर शेअर खात्यातून बाहेर जातच नाहीत. दिवसाअखेरीस दोन्ही व्यवहार एकमेकांत मिटतात आणि तो सट्ट्याचा व्यवहार ठरतो. १,२०,००० रुपयांचा तोटा जेथे होता तेथेच, कागदावर, राहतो. हे उशिरा, विवरणपत्र भरताना लक्षात येते, आणि तोपर्यंत वर्ष संपलेले असते. म्हणून विकायचे एका दिवशी आणि घ्यायचे पुढच्या किंवा त्यानंतरच्या दिवशी. अमेरिकेत तोट्यात विकलेला शेअर तीस दिवसांच्या आत पुन्हा घेतला तर तोटा नाकारला जातो. तेथे राहणारे नातलग हा नियम घरी सांगतात, आणि आज्ञावली तिकडच्या नमुन्यावर बेतलेली असेल तर तीही तसे बजावते. भारतीय आयकर कायद्यात शेअरसाठी असा तीस दिवसांचा नियम नाही. मात्र केवळ कर टाळण्यापुरता रचलेला व्यवहार नाकारण्याचे अधिकार कायद्याने खात्याला दिलेले आहेत. आपसांत ठरवून घरातल्या घरात शेअर फिरवणे म्हणूनच कटाक्षाने टाळावे.

यंदाच्या दिनदर्शिकेत हे बसवले तर असे दिसते. २७ मार्चला विकून ३० मार्चला घेतले तर मध्ये शनिवार-रविवार येतात. ३० मार्चला विकले तर पुन्हा घेणे १ एप्रिललाच शक्य होईल. शेअर बाजारातील विक्रीची तारीख दलालाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून धरली जाते, त्यामुळे ३० मार्चचा सौदा प्रत्यक्ष शेअर देऊन पुढे पुरा झाला, तर तो याच वर्षात मोडतो. तरीही मधल्या दिवसांत भाव हलण्याचा धोका उरतोच. सिमेंट कंपनीच्या उदाहरणात विक्रीवर आणि खरेदीवर प्रत्येकी ०.१ टक्का व्यवहार कर, म्हणजे ३०० आणि ३०० रुपये, आणि खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४५ रुपये लागतील. दलाली आणि इतर आकार निराळे. वाचलेल्या २४,९६० रुपयांतून हे ६४५ वजा केले तर प्रत्येक शेअरमागे सुमारे २४ रुपये हाती राहतात. सोमवारी भाव ३०० ऐवजी ३२४ च्या वर उघडला, तर यंदा वाचलेला सारा कर महाग खरेदीत गेला असे समजावे. हा आकडा विकण्यापूर्वी काढून ठेवावा. संदेशात तो नसतो.

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्याची गरजही नसते. आगाऊ कराचा अंतिम हप्ता १५ मार्चला असतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निर्णय झाला तर तो हप्ता कमी झालेल्या नफ्यावर काढता येतो, आणि भाव चढल्यास वाट पाहण्यास दिवस उरतात. आणखी एक कारण आहे. अल्पमुदतीचा तोटा बारा महिने उलटताच दीर्घमुदतीचा होतो आणि त्याची निम्मी मोकळीक जाते. गेल्या जून किंवा जुलैमध्ये घेतलेला एखादा शेअर घसरला असेल, तर त्याच्या तोट्याची खरी मुदत ३१ मार्च आहेच, शिवाय खरेदीच्या वाढदिवसाचीही आहे. चांगली आज्ञावली वर्षअखेरीबरोबर ही दुसरी तारीखही पाहते आणि 'आणखी चाळीस दिवसांत हा तोटा जात बदलेल' असे वर्षात केव्हाही सांगते.

आता 'कोणाचा' हा प्रश्न. एकत्र कुटुंबात हाच सर्वांत सहज नजरेआड होतो. घरातील पाच खाती एका तक्त्यात आणली की एकूण नफा आणि एकूण तोटा समोरासमोर दिसतात, आणि पेढीच्या सवयीने सगळे एकच वाटते. आयकराच्या दृष्टीने मात्र प्रत्येक पॅन हे स्वतंत्र घर आहे. थोरल्या भावाचा नफा धाकट्याच्या पत्नीच्या तोट्याने कमी होत नाही. अविभक्त हिंदू कुटुंब म्हणून वेगळा पॅन असेल तर त्याचेही खाते वेगळेच.

समजा धाकट्या भावजयीच्या खात्यात ८०,००० रुपयांचा अल्पमुदतीचा कागदी तोटा आहे आणि यंदा तिला नफा काहीच नाही. तिने विकले तर यंदाचा कर वाचणार नाही, कारण कर नाहीच. मात्र तो तोटा पुढील आठ करनिर्धारण वर्षे ओढून नेता येतो. अट एकच : ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षीचे विवरणपत्र विहित मुदतीच्या आत भरलेले असले पाहिजे. उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्रच भरले नाही, किंवा उशिरा भरले, तर पुढे नेण्याचा हक्क जातो. घरातील स्त्रियांच्या खात्यांबाबत असे वारंवार घडते. आईचे खाते आणखी निराळे. तिला दुसरे उत्पन्न नसेल तर तिचा शेअरमधील नफा करमुक्त मूळ मर्यादेतही सामावू शकतो. तेथे तोटा शोधत बसणे म्हणजे न लागणारा कर वाचवण्यासाठी दलाली भरणे होय.

हे सर्व आज्ञावलीला शिकवता येते, आणि शिकवणे फार अवघड नाही. तिला सरासरीऐवजी खरेदीनिहाय नोंदी द्याव्यात : पॅन, डिमॅट खाते, तारीख, नग, दर. बोनस आणि विभाजनाच्या नोंद दिनांकांचा एक स्तंभ असावा. चालू वर्षात प्रत्यक्ष झालेला नफा-तोटा, अल्प आणि दीर्घ असा वेगळा, प्रत्येक पॅनसमोर असावा, कारण ज्याच्यातून वजा करायचे तेच ठाऊक नसेल तर वजाबाकी कसली. मग संदेशाचे स्वरूपच पालटते. 'सिमेंट कंपनीत १,२०,००० तोटा' याऐवजी तो म्हणेल : 'थोरले बंधू, अमुक खाते, १५ सप्टेंबरचे १,००० नग, अल्पमुदतीचा तोटा १,२०,०००, समोर अल्पमुदतीचा नफा ३,००,०००, यंदाची बचत २४,९६०, खर्च वगळून, पुनर्खरेदी दुसऱ्या दिवशी.' कापड आणि यंत्रे यांच्या ओळी अशा यादीत येणारच नाहीत, किंवा आल्या तर 'यंदा उपयोग नाही' या शेऱ्यासह येतील.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आज्ञावली चुकते ती बहुतेक वेळा गणितात नव्हे, नोंदींत. एका दलालाकडून दुसऱ्याकडे हलवलेल्या शेअरची खरेदी किंमत नव्या ॲपमध्ये कोरी असते, किंवा हलवल्या दिवसाचा भाव खरेदी म्हणून बसलेला असतो. वडिलांच्या पश्चात वारशाने आलेल्या शेअरचेही तेच. कायदा वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांचा धारणाकाळ धरतो, ॲप मात्र शेअर खात्यात आले तो दिवस धरते. खूण ओळखणे सोपे आहे. ज्या ओळीत बाजारात कोठेही चर्चा नसताना एकाच दिवशी भाव निम्मा किंवा पाव झालेला दिसतो, जेथे खरेदी दर शून्य आहे, किंवा जेथे अनेक कंपन्यांची खरेदी तारीख एकच आहे, त्या ओळीवर विश्वास ठेवण्याआधी जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट काढून पाहावी. ज्या घरात रोजमेळ आणि खतावणी जुळल्याशिवाय रात्री पेढी बंद होत नसे, त्या घराला ही पडताळणी नवी नाही.

एवढे झाल्यावर थोरल्या भावापुढे उरतो तो निर्णय आज्ञावलीच्या कक्षेबाहेरचा आहे. सिमेंट कंपनीचे शेअर आज त्याच्याजवळ नसते, तर ३०० रुपयांनी त्याने ते घेतले असते काय? उत्तर 'होय' असेल तर विकून दुसऱ्या दिवशी पुन्हा घेण्यात अर्थ आहे. उत्तर 'नाही' असेल तर विकावेत आणि पुन्हा घेऊ नयेत. पैसा पेढीला किंवा दुसऱ्या कामाला लावावा. अशा वेळी १,२०,००० रुपयांचा तोटा मुकाट्याने मान्य करणे जड जाते, म्हणून शेअर 'परत वर येईल' या आशेवर वर्षानुवर्षे पडून राहतात. वाचणारे २४,९६० रुपये त्या तोट्याचा पाचवा हिस्सा भरून देतात. उरलेले चार हिस्से ज्याचे त्यालाच सोसावे लागतात, आणि ते सोसायचे की आणखी थांबायचे, हे कंपनीचा कारभार पाहून ठरवायचे असते, कराची तारीख पाहून नव्हे.